डोमेनवरचा पडदा: ७९९ रुपये द्यायचे का?

*काका, मी इंदूरला सुदामा नगरात राहते. घरूनच भाजणी, मेतकूट आणि दिवाळीचा फराळ करून विकते. मागच्या आठवड्यात विजय नगरच्या एका मुलाने माझ्यासाठी .com आणि .in अशी दोन डोमेन घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपासून फोन सुरू झाले: मॅडम, वेबसाइट बनवायची का, लोगो करायचा का. एकाने तर माझं पूर्ण नाव घेतलं. आता तो मुलगा म्हणतो, प्रत्येक डोमेनला वर्षाला ७९९ रुपये भरून 'प्रायव्हसी प्रोटेक्शन' घ्या, नाहीतर घरचा पत्ता जगाला दिसेल आणि साइटही हॅक होईल. मिस्टर पीथमपूरला शिफ्टमध्ये असतात, दिवसभर घरी मी आणि सासूबाई दोघीच. पैसे भरावेत का? आणि भरले तर फोन थांबतील का? — मानसी*

मानसीताई,

आधी उत्तर देतो. .in साठी एक रुपयाही भरू नका. .com साठी आज लगेच भरू नका, आधी पाच मिनिटं काढून एक गोष्ट डोळ्यांनी बघा, ती खाली सांगतो. आणि या दोन्हींपेक्षा मोठी काळजी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात आहे, जे तुम्ही सहज लिहून गेलात: डोमेन त्या मुलाने घेतली. तिथे मी सावकाश येणार आहे.

प्रत्येक डोमेनची एक सार्वजनिक नोंद असते. कोणी घेतलं, कुठल्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून घेतलं, मुदत कधी संपते, हे त्यात असतं. या नोंदीला सगळे 'हू-इज' म्हणतात. १९८२ साली ही पद्धत लिहून ठेवली गेली तेव्हा इंटरनेटवर मोजक्या विद्यापीठांची आणि संशोधन संस्थांची माणसं होती. एखादं यंत्र बिघडलं तर फोन कुणाला करायचा, एवढ्यासाठी ती यादी होती. पुढे बाजार आला, लाखो घरगुती माणसं आली, तरी यादी तशीच उघडी राहिली. नाव, घरचा पत्ता, मोबाइल, ईमेल, सगळं कुणालाही फुकट बघता येत होतं. त्या काळात हे झाकण्यासाठी पैसे मोजणं अगदी रास्त होतं. मी स्वतःही भरले आहेत.

मग २५ मे २०१८ ला युरोपचा वैयक्तिक माहितीचा कायदा लागू झाला. .com, .org, .net अशा डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेने त्याच्या आठवडाभर आधी तात्पुरते नियम काढले आणि रजिस्ट्रारना नाव, पत्ता, फोन, ईमेल झाकायला सांगितलं. सक्ती होती ती युरोपच्या ग्राहकांपुरती. बाकी जगाच्या ग्राहकांचं झाकायचं की नाही, हे रजिस्ट्रारच्या मर्जीवर सोडलं. बऱ्याच मोठ्या रजिस्ट्रारनी सरसकट सगळ्यांचंच झाकून टाकलं, काहींनी झाकलं नाही. तुमचा ७९९ चा सगळा प्रश्न या एका फरकावर उभा आहे, आणि विकणारा तो सहसा सांगत नाही.

म्हणून आधी बघा. ब्राउझरमध्ये `lookup.icann.org` उघडा आणि तुमचं .com नाव टाका. .in साठी भारताच्या रजिस्ट्रीचं, म्हणजे .in ची सगळी नावं सांभाळणाऱ्या संस्थेचं, पान `registry.in` आहे, तिथेही अशीच शोधायची सोय आहे. समोर बरंच काही येईल, पण तुम्ही फक्त 'Registrant' या शब्दाने सुरू होणाऱ्या किंवा त्या शब्दाखालच्या ओळी वाचा. झाकलेली नोंद साधारण अशी दिसते:

```
Registrant Name: REDACTED FOR PRIVACY
Registrant Organization:
Registrant Street: REDACTED FOR PRIVACY
Registrant State/Province: Madhya Pradesh
Registrant Country: IN
Registrant Phone: REDACTED FOR PRIVACY
```

असं दिसलं तर तुमचं नाव, गल्ली आणि मोबाइल आधीच झाकलेलं आहे, फुकट. राज्य आणि देश उघडे राहतात, ते राहू द्या. मध्य प्रदेशात कुणीतरी भाजणी विकतं, एवढंच त्यावरून कळतं.

पण 'Organization' ही ओळ नीट बघा. ती बऱ्याच नोंदींत झाकली जात नाही आणि .in च्या नोंदीत तर उघडी दिसतेच. फॉर्म भरताना कुणी त्या रकान्यात तुमचं नाव, 'अमुक गृह उद्योग, सुदामा नगर' किंवा मिस्टरांचं नाव घातलं असेल, तर ते सगळ्यांना दिसेल. ती ओळ नुसती दिसण्यापुरतीही नाही. ती भरलेली असली की डोमेनची मालक ती संस्था असं धरलं जातं. तुमची नोंदणी केलेली कंपनी किंवा भागीदारी नाही, म्हणून नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहा आणि संस्थेचा रकाना रिकामा ठेवा.

आता .in बद्दल मी इतक्या ठामपणे का बोललो, ते सांगतो. .in ची रजिस्ट्री निक्सी या संस्थेकडे आहे. त्यांच्या नियमात डोमेन दुसऱ्याच्या नावाआड ठेवणारी प्रायव्हसी किंवा प्रॉक्सी सेवा चालतच नाही. आणि नाव, पत्ता, फोन निक्सी स्वतःच सार्वजनिक नोंदीत झाकते. म्हणजे तो मुलगा तुम्हाला जी सेवा विकतो आहे ती .in ला लागूच होत नाही. त्याला मुद्दाम फसवायचं आहे असं मी म्हणत नाही. रजिस्ट्रारच्या खरेदीच्या पानावर कित्येकदा तो चौकोन आधीच टिक केलेला असतो, त्याने तसाच पुढे ढकलला असेल. त्याला सांगा, .in वरची टिक काढ. नाहीच निघाली तर त्या ७९९ मध्ये नेमकं काय मिळणार, हे रजिस्ट्रारकडून ईमेलवर लिहून मागवा.

फोन आले कुठून

तुमच्यासारखी तक्रार मला महिन्यातून दोनतीनदा तरी ऐकू येते, आणि सकाळी साडेआठचा फोन हा योगायोग नसतो.

.com च्या रजिस्ट्रीकडे सगळ्या चालू नावांची एक भलीमोठी यादी असते. तिला झोन फाइल म्हणतात. आयकॅनच्या एका सेवेकडे अर्ज केला की ती रोजच्या रोज मिळते. तिच्यात मालकाचं नाव नसतं, फक्त डोमेन आणि त्याचे नेमसर्व्हर, म्हणजे ते नाव कुठे शोधायचं ते सांगणारी यंत्रं. पण कालची यादी आणि आजची यादी शेजारी ठेवून वजाबाकी केली की काल रात्री जन्मलेली सगळी नावं हातात येतात. मग प्रत्येक नावाची सार्वजनिक नोंद यंत्राने विचारायची, ज्या नोंदीत फोन उघडा आहे ती बाजूला काढायची, त्यातून देश भारत असलेल्या निवडायच्या आणि ती यादी कॉल सेंटरला विकायची. तुमचं डोमेन कुणी पाळतीवर राहून शोधलेलं नाही. ते एका लांबलचक यादीतली एक ओळ होतं. हा धंदा नव्या नावांवर चालतो, म्हणून फोनचा मारा पहिल्या आठ-पंधरा दिवसांत असतो आणि नंतर आपोआप पातळ होत जातो.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. नोंद उघडी होती म्हणून फोन आले असतील, तर नंबर त्या पहिल्याच रात्री गेला. आज पडदा लावला तरी विकली गेलेली यादी परत येत नाही. शिवाय जुन्या नोंदी साठवून ठेवणाऱ्या कंपन्या आहेत. आज जे झाकाल त्याचं मागच्या आठवड्याचं चित्र त्यांच्याकडे असू शकतं. हा पडदा नोंदणीच्या क्षणी लागलेला असला तरच पूर्ण कामाचा.

आणि नोंद पहिल्यापासून झाकलेली होती असं दिसलं, तर नंबर तिथून गेलेलाच नाही. मग तो गेला मधल्या कुणाकडून तरी. रजिस्ट्रारच्या हाताखालचा पोटविक्रेता असेल, डिझाइनसाठी भरलेला एखादा फॉर्म असेल, किंवा तुमचीच व्यवसायाची व्हॉट्सॲप प्रोफाइल असेल. अशा वेळी ७९९ भरून एकही फोन कमी होणार नाही.

हे ओळखण्याची माझी एक सवय आहे. डोमेनच्या फॉर्मवर मी वेगळा ईमेल देतो, जो मी दुसरीकडे कुठेच वापरत नाही. जीमेल असेल तर आपल्याच पत्त्यात अधिकचं चिन्ह घालून एखादा शब्द जोडता येतो, जसं `naav+domain@gmail.com`. टपाल तुमच्या नेहमीच्याच पेटीत येतं, पण कुठल्या पत्त्यावर आलं ते दिसतं. नको ती ईमेल त्या पत्त्यावर आली की गळती डोमेनच्या वाटेवर आहे हे कळतं. फोनवर तेवढं नेमकं करता येत नाही, पण कान देऊन ऐका. समोरचा तुम्हाला 'मानसी' म्हणतो की फॉर्मवर जसं लिहिलं होतं तसं मधल्या नावासकट पूर्ण नाव वाचतो? तुम्ही लिहिलंय की एकाने पूर्ण नाव घेतलं. म्हणून माझा संशय आहे की तुमची .com ची नोंद उघडी असावी. पण संशयावर पैसे भरायचे नाहीत, पान उघडून बघायचं.

एक धोका मात्र फोनपेक्षा वाईट आहे. नोंद उघडी असली की मुदतीच्या आसपास बिलासारखी दिसणारी ईमेल किंवा पत्रं येतात: तुमचं डोमेन संपत आहे, इथे इतके हजार भरा. त्यात तुमचं नाव, डोमेन आणि मुदतीची तारीख बरोबर असते, म्हणून माणूस फसतो. यातली तारीख नोंद झाकली तरीही सगळ्यांना दिसते. तेव्हा आलेल्या कुठल्याही दुव्यावर जाऊन पैसे भरू नका. रजिस्ट्रारच्या साइटवर स्वतः लॉगिन करून जे देणं दिसेल तेवढंच खरं.

पडद्यामागे नाव कुणाचं

आता तुम्ही सहज लिहून गेलात त्या वाक्याकडे येतो.

पैसे भरून मिळणारी सेवा दोन प्रकारची असते. एका प्रकारात नोंदीत मालक तुम्हीच राहता, फक्त पत्ता, फोन आणि ईमेल त्या सेवेचा दिसतो. दुसऱ्या प्रकारात, ज्याला प्रॉक्सी म्हणतात, नोंदीत मालक म्हणून ती सेवाच उभी राहते आणि तुमच्याशी वेगळा करार करून डोमेन तुम्हाला वापरायला देते. रोजच्या कामात दोन्ही सारखेच वाटतात. फरक कळतो तो वाद झाल्यावर, किंवा मधला कुणी बुडाला तर.

२००७ साली अमेरिकेत रजिस्टरफ्लाय नावाचा रजिस्ट्रार कोसळला आणि आयकॅनने त्याची मान्यता काढून घेतली. ग्राहकांची नावं दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायची वेळ आली. ज्यांची नोंद साधी होती त्यांचा मार्ग निघाला. पण ज्यांनी त्याच कंपनीची नाव झाकण्याची सेवा विकत घेतली होती, त्यांच्या नोंदीत खरा मालकच लिहिलेला नव्हता. आपलंच डोमेन आपलं आहे हे त्यांना सिद्ध करत बसावं लागलं. पुढे, २०१३ च्या रजिस्ट्रार करारात, झाकलेल्या ग्राहकांची खरी माहितीही तिसऱ्याकडे जपून ठेवण्याची अट घातली गेली. तो धडा महाग पडला होता.

आपल्या इंदूरचं उदाहरण सांगतो, ते माझ्या अंगावरून गेलेलं आहे. आमच्या व्याख्यानमालेची साइट होती, .org नावाची. एका होतकरू डिझायनरने ती करून दिली. डोमेन त्यानेच घेतलं, त्याच्याच खात्यातून, आणि दरवर्षी आमच्याकडून डोमेनचे आणि प्रायव्हसीचे पैसे घेऊन पावती देत राहिला. आम्ही कधी विचारलं नाही की फॉर्मवर मालक म्हणून नाव कुणाचं आहे. विचारावंसंही वाटलं नाही, कारण नोंद उघडून बघितली की मालक, ॲडमिन आणि टेक्निकल अशा तिन्ही ठिकाणी प्रायव्हसी सेवेचंच नाव दिसायचं आणि आम्हाला वाटायचं, वा, सुरक्षित आहे.

मग तो नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि नंबर बदलला. गणपतीच्या महिनाभर आधी, व्याख्यात्यांची यादी साइटवर टाकायची त्याच आठवड्यात, साइटच्या जागी जाहिरातींचं पान दिसायला लागलं. मुदत संपली होती. सूचनेच्या ईमेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जात होत्या. मी रजिस्ट्रारला फोन केला. तिथली मुलगी सभ्यपणे म्हणाली, सर, ज्यांचं खातं आहे त्यांच्याशीच आम्ही बोलू शकतो. मी म्हटलं, मंडळाचं नाव डोमेनमध्येच आहे. ती म्हणाली, नाव कुणीही घेऊ शकतं. तिचं बरोबर होतं. आमच्याकडे पावत्या होत्या, पण त्या डिझायनरने दिलेल्या, रजिस्ट्रारच्या नव्हेत. आणि सार्वजनिक नोंद आमच्या बाजूने साक्ष देऊ शकत नव्हती, कारण ती झाकण्यासाठी आम्हीच पैसे भरले होते.

मुदत संपल्यावर काय होतं तेही त्या दिवसांत शिकलो. आधी काही दिवस साध्या दराने नूतनीकरण करता येतं. किती दिवस, ते रजिस्ट्रारवर असतं. नंतर नाव 'redemptionPeriod' या स्थितीत जातं आणि तिथे ३० दिवस असतात. या काळात फक्त जुना खातेदारच ते सोडवू शकतो, तेही दंडासकट. मग पाच दिवस 'pendingDelete', तेव्हा कुणीच काही करू शकत नाही. आणि मग ते बाजारात मोकळं होतं. आमची नोंद पाहिली तेव्हा स्थिती redemptionPeriod झालेली होती. मंडळातल्या एका काकूंची ग्वाल्हेरला ओळख निघाली, तिथून त्या मुलाच्या भावाचा नंबर मिळाला, आणि अकराव्या दिवशी मुलगा फोनवर आला. त्याला फार वाईट वाटलं. त्याने लॉगिन करून नाव सोडवलं. दंड आणि नूतनीकरण मिळून साडेआठ हजार गेले, एका व्याख्यानाचा खर्च. त्यानंतर आम्ही मंडळाच्या नावाने खातं उघडलं आणि डोमेन त्यात हलवून घेतलं.

त्या मुलाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, म्हणूनच ही गोष्ट मला जास्त लागते. पडदा नसता तर पहिल्याच वर्षी कुणीतरी नोंद उघडून म्हणालं असतं, अरे, इथे मालक म्हणून मंडळाचं नाव का नाही? झाकलेली नोंद परक्यांना कळत नाही तशी आपल्यालाही कळत नाही.

म्हणून मानसीताई, पैशांचा विषय बाजूला ठेवून आधी त्या मुलाला घरी बोलवा. सासूबाईंच्या हातचा चहा द्या आणि तुमच्यासमोर रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन करायला सांगा. तिथे आतल्या बाजूला, पडद्याच्या आत, खरी माहिती दिसते. 'Registrant' या भागात तुमचं नाव आणि तुमचा ईमेल हवा. ॲडमिन आणि टेक्निकल या भागांत त्याचं नाव असलं तर चालेल. मालकाच्या भागात नको. आणि खुद्द खातं कुणाच्या ईमेलवर आहे तेही बघा, कारण पासवर्ड बदलायची चावी त्या ईमेलकडे असते. खातं त्याचं असेल तर त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं फुकटचं खातं उघडून दोन्ही डोमेन त्यात ढकलायला सांगा. हे बहुतेक ठिकाणी काही मिनिटांत होतं.

एक सांभाळा. .com च्या मालकाचा नाव-ईमेल बदलला की रजिस्ट्रार पडताळणीचा दुवा पाठवतो. १५ दिवसांत तो उघडला नाही तर डोमेन बंद पडू शकतं. स्पॅमची पेटीही बघा. आणि मालक बदलल्यावर बरेच रजिस्ट्रार ६० दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाऊ देत नाहीत. कुलूप चोरीविरुद्धचं आहे, घाबरू नका.

हॅक होण्याचं काय

या सेवेचा हॅकिंगशी संबंध नाही. तुमच्या साइटचा पासवर्ड, तिचं सॉफ्टवेअर आणि होस्टिंग, यांतलं काहीही ती झाकत नाही. कुणीतरी डोमेनच पळवून नेण्याविरुद्ध जे कुलूप असतं ते वेगळं आहे. नोंदीत 'clientTransferProhibited' असं दिसलं की ते लागलेलं आहे, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोडही लागेल. डोमेन जपण्यासाठी ही दोन कामं ७९९ च्या सेवेपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाची आहेत.

पोलीस किंवा कोर्ट यांच्यापासूनही ती लपवत नाही. रजिस्ट्रारकडे खरं नाव असतंच आणि कायदेशीर मागणी आली की ते दिलं जातं. तुम्हाला त्याची गरज नाही, पण कुणी 'पूर्ण गुप्तता' म्हणून विकत असेल तर ते खोटं आहे. आणि पैसे वाचवायला फॉर्मवर खोटा फोन, खोटा पत्ता कधीही टाकू नका. खोटी माहिती सापडली तर डोमेन बंद करता येतं, आणि वाद झाला तर मालक म्हणून तुम्ही उभ्याच राहू शकणार नाही.

आता घरच्या पत्त्याबद्दल, कारण तुमची खरी भीती तीच आहे आणि ती मला पटते. दुपारी घरात दोघीच बायका असताना पत्ता कुणाच्याही हाती पडावा असं कुणाला वाटेल? पण फक्त डोमेनची नोंद झाकून तो झाकला जात नाही. भाजणीच्या पुड्यावर अन्नसुरक्षेच्या नियमाने बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता छापावा लागतो. साइटवरून नियमित विक्री करायची तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे व्यवसायाचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क साइटवरच द्यावा लागतो. म्हणजे ज्या दिवशी तुमची साइट सुरू होईल त्या दिवशी पत्ता तुम्ही स्वतःच लिहिणार आहात. नोंदीतला पत्ता झाकायचे पैसे भरायचे आणि तोच खाली पानावर ठळक छापायचा, याला अर्थ नाही.

घर वाचवायचं असेल तर उपाय दुसरीकडे आहे. व्यवसायाचा पत्ता वेगळा करता येतो का ते बघा. ओळखीतलं दुकान असेल, किंवा जिथे खरोखर माल बनतो वा ठेवला जातो अशी छोटी जागा भाड्याने मिळत असेल, तर अन्नपरवान्यावर, पुड्यावर, साइटवर आणि डोमेनच्या फॉर्मवर तोच पत्ता टाका. फोनसाठी धंद्याचं वेगळं सिम घ्या. ते रात्री आठला बंद ठेवता येतं. हे जमलं तर नोंद उघडी असो की झाकलेली, तुमच्या उंबऱ्यापर्यंत कुणी पोहोचत नाही.

पैसे भरण्याजोगी माणसंही आहेत. ज्या डोमेनवर विक्री नाही, ज्याच्या साइटवर लिहिणाऱ्याचं नाव-पत्ता कुठेच नाही, आणि लिहिणाऱ्याला कुणाचा त्रास होण्याची शक्यता आहे, तिथे हा पडदा खरं काम करतो. माझ्या ओळखीच्या एक ताई घरगुती हिंसेवर मदतीची माहिती देणारी साइट चालवतात. त्यांना मी म्हटलं होतं, पहिल्या दिवसापासून झाका, नोंद एक तासही उघडी नको. पण तिथेही पैसे द्यावे लागले नाहीत. नेमचीप, क्लाउडफ्लेअर, पोर्कबन असे रजिस्ट्रार .com वर हे फुकट देतात.

तुमच्या .com चा हिशेब असा. नोंद झाकलेली दिसली तर काहीच करायचं नाही. उघडी दिसली तर आधी रजिस्ट्रारला एक ईमेल करा की माझी वैयक्तिक माहिती सार्वजनिक नोंदीतून झाका. कित्येकदा खात्यात त्याचा फुकटचा पर्याय असतो आणि तो बंद ठेवलेला असतो. नाही म्हणाले, तर वर्षाला ७९९ म्हणजे पाच वर्षांचे ३,९९५ रुपये होतात. नोंदणीला, किंवा मालक बदलला असेल तर त्या बदलाला, ६० दिवस झाले की कुलूप काढून रजिस्ट्रारकडून ट्रान्सफरचा कोड घ्यायचा आणि फुकट झाकणाऱ्याकडे डोमेन हलवायचं. .com हलवताना एका वर्षाचे पैसे भरावे लागतात, पण तेवढंच वर्ष मुदतीत वाढून मिळतं, म्हणजे ते वाया जात नाहीत. मधल्या दोन महिन्यांसाठी ७९९ भरावेत असं मला वाटत नाही. नंबर जायचा तो गेलेला आहे.

मुलगा चहाला आला की लॉगिन झाल्यावर पहिल्यांदा Registrant ची ओळ बघा, आणि तिथे जे नाव असेल ते मला कळवा.

— काका